घंटा झाल्यापासून सांगा

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात शिक्षणाधिकारी शिवानंद साहेबांच्या खुर्चीमागे एक मोठा फोटो लावलेला आहे. गोणपाटावर झाडांची बारा पानं मांडलेली, चार गटांत तीन-तीन, आणि कोपऱ्यात हिरव्या बांगड्यांचा एक हात. खाली लिहिलंय, 'आदर्श केंद्र'. हात पूर्णिमाबाईंचा. चौथीचं नवं परिसराचं पुस्तक आलं तेव्हा कुंभारवाडा केंद्रातल्या चौदा शाळांच्या मास्तरांना प्रशिक्षण त्यांनीच दिलं होतं, आणि पानं मांडून दाखवताना कुणीतरी हा फोटो काढला होता. पूर्णिमाबाई त्या केंद्राच्या साधनव्यक्ती. म्हणजे शाळाशाळांना भेटी देणाऱ्या, शिकवण्यात मदत करणाऱ्या आणि वरून आलेला प्रत्येक कागद खाली व खालचा प्रत्येक कागद वर पोचवणाऱ्या.

यंदा वरून आलेला कागद जरा वेगळा होता. धारवाडच्या एका संशोधन संस्थेला नव्या पुस्तकाबद्दल शिक्षकांच्या गटचर्चा हव्या होत्या. प्रश्नांचा आराखडा तालुक्यानेच करायचा, कारण इथल्या मास्तरांची बोली धारवाडला कळायची नाही. या चर्चांवरून ठरणार होतं की जूनपासून पाचवीलाही हाच अभ्यासक्रम असाच लावायचा, की एकशिक्षकी शाळांसाठी आधी कमी करायचा. आराखडा पूर्णिमाबाईंकडे आला. त्या दोन दिवस धारवाडला शिकून आल्या होत्या, शिवाय त्यांची धारवाडला बदली व्हायची होती. त्यांची मुलगी तिथे हॉस्टेलवर होती आणि बदलीची शिफारस शिवानंद साहेबांच्या हातात होती. शिफारशीचं सगळं बळ त्या बारा पानांवर होतं.

बाईंनी तीन दिवस खपून आराखडा लिहिला. आधी सोपं, ज्याला कुणीही उत्तर देईल असं: तुमच्या शाळेत किती वर्ग, किती मुलं. मग नव्या पुस्तकाची पहिली आठवण. तिसरा प्रश्न मधोमध, सगळ्या चर्चेचा कणा: 'नव्या पुस्तकातला शेवटचा घेतलेला तास सांगा. घंटा झाल्यापासून.' अडचणी त्यानंतर, फायदे त्यानंतर, आणि शेवटी 'काही राहिलं का?' प्रत्येक प्रश्नाखाली खोदून विचारायची वाक्यं: 'एखादं उदाहरण?', 'मग पुढे काय झालं?', 'आणखी सांगा.' तिसऱ्याखाली एक जास्तीचं: 'पाठाच्या फोटोचं कसं केलंत?' 'का' हा शब्द त्यांनी सगळीकडून काढला होता. मास्तरला 'का' विचारलं की त्याला ती नोटीस वाटते, हे त्यांना धारवाडने नव्हे, पंधरा वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. आणि शेवटी चर्चा चालवणाऱ्यासाठी चौकटीत सूचना: 'उत्तर आवडलं नाही तरी बचाव करू नये. थांबावं. मनात पाच मोजावेत.'

साहेबांनी आराखडा वाचला आणि लाल पेनाचं टोपण काढलं. हे टोपण निघालं की कार्यालयात पंखासुद्धा हळू फिरतो असं शिपाई सांगतात.

"नोड्री, बघा मॅडम, सुरुवातच चुकली. पहिला प्रश्न 'नव्या पुस्तकाचे फायदे सांगा.' शुभ बोलून सुरुवात करावी."

"सर, आधी फायदे म्हणायला लावले की माणूस पुढे स्वतःचंच बोलणं सांभाळत बसतो. मग अडचण कोण सांगणार?"

"अडचणी असू देत. शेवटी. आभारप्रदर्शनानंतर, वेळ उरला तर."

"आभारानंतर सर?"

"वेळ उरला तर," साहेब म्हणाले, आणि तिसऱ्या प्रश्नावर पेन टेकवून थांबले. "घंटा झाल्यापासून? ही तपासणी वाटते. हा काढा."

योगायोगाने त्याच वेळी केशरबाई दाखल्यावर सही घ्यायला आल्या. तालुक्यात सगळ्यात ज्येष्ठ शिक्षिका. कुठल्याही सभेत पहिल्यांदा त्या बोलतात आणि बाकीचे सगळे 'बाई म्हणाल्या तेच' म्हणून मोकळे होतात. ही इथली रीतच आहे, आणि तिच्यामुळे सभा वेळेत संपतात हेही खरं. पूर्णिमाबाई म्हणाल्या, आराखडा कुणावर तरी आजमावून बघायचाच असतो, आत्ताच बघू.

साहेबांनी आपला प्रश्न विचारला. केशरबाई उभ्या राहिल्या आणि सहा मिनिटं बोलल्या. त्यात 'सर्वांगीण' चार वेळा आणि 'मान्यवर' दोन वेळा आलं, पुस्तक एकदाही आलं नाही. साहेब प्रसन्न झाले.

मग पूर्णिमाबाईंनी विचारलं, "केशरबाई, बसा. शेवटचा तास सांगा. घंटा झाली, मग?"

"घंटा झाली." केशरबाई थांबल्या. पूर्णिमाबाईंनी मनात पाच मोजले. "घंटा झाली आन् मी जेवणाच्या तांदळाचा हिशेब लिवत हुते. पोरास्नी म्हटलं, पान सतरा वाचा. मग... मग दुसरी घंटा झाली की."

साहेबांनी टोपण पेनावर बसवलं. "ही त्यांची वैयक्तिक बाब आहे," ते म्हणाले. पण धारवाडचे लोक आराखडा तपासणार होते आणि त्यांच्यापुढे आभारप्रदर्शनाचं समर्थन कोण करणार? तिसरा प्रश्न बचावला, बाकीचा क्रमही. बदल्यात साहेबांनी एक अट घातली: चर्चेला ते स्वतः बसणार. मागे. नुसते. "मी काही बोलणार नाही. मला बघून लोकांना धीर येतो."

आता साहेब मागे नुसते बसले की मास्तर कसे बोलतात, हे पूर्णिमाबाईंना पाठ होतं. त्यांनी वाद घातला नाही. धारवाडहून आलेलं संमतीपत्र मराठीत उतरवलं आणि साहेबांच्या सहीसाठी ठेवलं. साहेबांनी ते रोजच्या छत्तीस कागदांसारखंच वाचलं, म्हणजे खालची रिकामी जागा शोधून सही केली आणि शिक्का मारला.

चर्चा कुंभारवाड्याच्या शाळेत ठेवली. सात शिक्षक, सगळे एकशिक्षकी शाळांतले. केशरबाई दुसऱ्या गटात, कारण जिथे त्या तिथे बाकीच्यांची तोंडं बंद. सकाळच्या एकुलत्या एका बसने सगळे आले. त्यात झिलू मास्तर होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, जंगलातल्या वाडीवर पाच वर्ग एकट्याने सांभाळणारे. साहेब जीपने आले आणि मागच्या बाकावर बसले. त्यांना बघून लोकांना इतका धीर आला की सातही जण खिडकीबाहेर बघू लागले.

पूर्णिमाबाईंनी रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि संमतीपत्र मोठ्याने वाचलं. "तुमचं नाव कुठेही लिहिलं जाणार नाही. कधीही उठून जाता येईल. चर्चेच्या वेळी कुणीही वरिष्ठ अधिकारी खोलीत असणार नाही. खाली सही आणि शिक्का..." त्यांनी कागद सगळ्यांकडे फिरवून दाखवला.

साहेबांनी आपली सही लांबूनच ओळखली. त्यांना खोकला आला. बाहेर चहा झालाय का बघतो, असं म्हणून ते गेले. सातही जणांनी माना खिडकीकडून आत वळवल्या.

पहिला प्रश्न गेला, दुसरा गेला. बाईंनी बोलायची पाळी सगळ्यात नव्या शिक्षिकेपासून, नेत्रापासून सुरू केली होती, म्हणजे ज्येष्ठांची री ओढायची सोयच उरली नाही. लोक मोकळे झाले. पाणी कमी, पुस्तकं उशिरा, हे सगळं आलं. बाईंच्या पोटात आनंद मावेना. आराखडा चालत होता! त्यांनी तिसरा प्रश्न विचारला.

झिलू मास्तर म्हणाले, "सांगू व्हय? घंटा झाली. पानांचा पाठ. पुस्तक म्हणतंय, पोरास्नी भाईर न्या. नेली. चवथीची तीनच पोरं हायत, पण पयली-दुसरीची काय एकटी बसत्यात? ती बी आली मागनं. एक टाकीवर चढलं. त्येला उतरवूस्तवर तास संपला."

"मग पुढे काय झालं?"

"चवथीतली एक पोर हाय बाई. तिनं चाळीस झाडांची नावं सांगितली. पान न बघता, वासावरनं सुदीक. पुस्तकातल्या तक्त्यात चारच घरं, बाराच पानं. मी म्हटलं, बाये, बाकीची टाक. ती रडली." मास्तरांनी चष्मा पुसला. "त्येच्यानंतर मी पोरं भाईर न्हेली न्हाईत."

बाईंना इथेच थांबावंसं वाटलं. पण प्रश्नाखालचं पुढचं वाक्य त्यांनीच लिहिलं होतं, म्हणून ते विचारलं. "पण दर पाठाचा फोटो ॲपवर चढवायचा असतो. त्याचं कसं केलंत?"

सात जणांनी एकमेकांकडे पाहिलं. नेत्राने खाली पाहिलं. बाईंनी पाच मोजायला घेतले. चारपर्यंत आल्या तोच झिलू मास्तरांनी खिशातून मोबाइल काढला.

"फोटू ग्रुपवर आलाच हुता की. त्योच चढवला."

"मी बी," पुंडलिक मास्तर म्हणाले.

"मीपण, मॅडम," नेत्रा म्हणाली.

एकेक करून सात मोबाइल टेबलावर आले. सातांवर गोणपाट, बारा पानं, आणि कोपऱ्यात हिरव्या बांगड्यांचा हात.

पूर्णिमाबाईंनी हात पटकन मांडीवर घेतला. बांगड्या वाजल्या, तेही रेकॉर्डरने टिपलं असणार. चौदा शाळांचे चौदा फोटो त्यांनीच मंजूर केले होते. गणेशगुडीच्या वळणावर, जिथे रेंज येते तिथे स्कूटर थांबवून, पाऊण इंचाची चित्रं उघडायचीसुद्धा तसदी न घेता, एकामागून एक हिरव्या खुणेवर बोट. त्याच चौदा खुणांवर केंद्र आदर्श ठरलं होतं, आणि त्यावर बदली, आणि बदलीवर मुलीच्या हॉस्टेलमधून सुटायच्या सगळ्या गप्पा.

रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता. बंद करायचं बटण हाताशी होतं. कुणी काही म्हटलं नसतं, झिलू मास्तरांनी तर चहाच मागवला असता. "नेटवर्कच नसतं हो, मी तरी काय..." हे वाक्य बाईंच्या जिभेवर तयार होऊन बसलं होतं. आणि समोर कागदावर त्यांच्याच अक्षरात चौकट होती: बचाव करू नये.

खिडकीबाहेर शिवानंद साहेब बशीत चहा ओतत होते.

"मग पुढे काय झालं, मास्तर?" बाईंनी विचारलं. आवाज जरा चिरका निघाला.

झिलू मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग रेकॉर्डरकडे, आणि पुन्हा त्यांच्याकडे. म्हातारा माणूस, त्याला खरोखर वाईट वाटत होतं.

"पुढं काय, बाई. पुढं तुमी टिक केलीत."

पूर्णिमाबाईंनी मनात मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग रेकॉर्डर उचलून तो मास्तरांच्या आणखी जवळ ठेवला.

"आणखी सांगा," त्या म्हणाल्या.