सव्वाचारशे किलोमीटरचा सेंटीमीटर

नववी ब च्या वर्गातला पृथ्वीगोल कपाटावर वर्षानुवर्षं धूळ खात पडलेला. कुणीतरी कधीकाळी शाळेच्या सामानाचा डेडस्टॉक नंबर त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिला होता, आणि लिहिला तोही नेमका तिथेच, जिथे गोलाचं प्रमाण छापलेलं असतं. जागा काय कमी होती? अख्खा पॅसिफिक महासागर रिकामा होता! पण नाही.

"बरंच झालं," खैरनार सर म्हणाले. "छापलेलं वाचण्यात काय मजा? काढा आता मोजून."

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन यंदा याच शाळेत भरणार होतं. सरांच्या मनात होतं पृथ्वी आणि चंद्राचं मॉडेल. वर्गातला गोल हीच पृथ्वी, आणि त्याच प्रमाणात चंद्र, त्याच प्रमाणातल्या अंतरावर टांगलेला. जोडी ठरली तेजस्विनी आणि तृप्ती.

तेजस्विनी म्हणजे चांदवडकडचं कांदा व्यापाऱ्याचं घर, आता नाशकात बंगला. सहावीपर्यंत ही मुलगी हजेरी देतानासुद्धा अडखळायची. पण आठवीत प्रश्नमंजूषा जिंकली आणि तिला जी वाचा फुटली, ती काही थांबेना. हात वर, उत्तर तयार, बरोबर असो नसो, आवाज खणखणीत. आणि आवाज खणखणीत असला की उत्तर निम्मं बरोबर होतंच, हे तिला फार लवकर कळलं होतं.

तृप्ती पेठकडच्या पाड्यावरची, मुलींच्या वसतिगृहात राहायची. वडील भिका हंगामात द्राक्षबागेत कामाला यायचे. ती बोलायची कमी, आणि बोललेलं ऐकायला पुढे वाकावं लागायचं.

गोल स्टँडमध्ये अडकलेला, त्यामुळे पट्टी लावून व्यास मोजता येईना. तृप्तीने दप्तरातून शिवणकामाचा दोरा काढला, विषुववृत्तावरून अलगद गुंडाळला, जुळलं तिथे नखाने चिमटा धरला आणि दोरा पट्टीवर ताणला.

"चौऱ्याण्णव पूर्णांक दोन. भागिले तीन पूर्णांक चौदा... तीस. व्यास तीस सेंटीमीटर."

"भारी गं!" तेजस्विनी म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं. पुढे जे झालं त्याच्या आधीचं तिचं हे शेवटचं चांगलं वाक्य.

दोघींनी आपापल्या वहीत गणित केलं. तृप्तीने लिहिलं : पृथ्वीचा व्यास १२,७५६ किमी भागिले ३०, म्हणजे गोलावरचा एक सेंटीमीटर खरे ४२५.२ किलोमीटर. अंकप्रमाण १ : ४,२५,२०,०००.

तेजस्विनीने लिहिलं : ६,३७८ भागिले ३०, म्हणजे २१२.६. अंकप्रमाण १ : २,१२,६०,०००.

"अगं, तू दुप्पट केलंस," तेजस्विनी हसली. "पृथ्वीचा आकडा सहा हजार तीनशे अठ्ठ्याहत्तर! प्रश्नमंजूषेत हाच विचारला होता मला."

"व्यास बारा हजारच्या पुढे आहे. भूगोलाच्या पुस्तकात..."

"कुठंय पुस्तक?"

"होस्टेलला."

"बघा! हिने तर पृथ्वीच डबल केली!" मागच्या बाकावर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "पेठची पृथ्वी मोठी असेल!" आणि तेजस्विनीसुद्धा हसली. हसली म्हणजे काय, सगळ्यात मोठ्याने हसली.

सर बीएलओच्या ड्युटीतून नुकतेच आले होते. बगलेत मतदार यादी, कानाला फोन, पलीकडून कुणीतरी ओरडतंय. त्यांनी दोन्ही वह्यांवर नजर टाकली. "सहा हजार तीनशे अठ्ठ्याहत्तर... हो, हो, आहे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात. तृप्ती, घाई केलीस बाळा."

तृप्तीने तोंड उघडलं, तेवढ्यात सर फोनवर "साहेब, घर बंद होतं ना तिथं!" म्हणत बाहेर पडले.

मधल्या सुट्टीत तेजस्विनी त्यांच्यामागे गेली. "सर, परीक्षक आडवंतिडवं विचारतात. तृप्ती आकड्यात गडबडते. वर्गातल्या दिशाला घेऊ का?" सरांनी मान हलवली. तीन मिनिटांत झालं सगळं. तृप्तीला स्वयंसेवकांमध्ये टाकलं. पाहुण्यांना पाणी द्यायचं.

मग पंधरा दिवस नुसती धमाल. चंद्रासाठी साडेसोळा सेंटीमीटरचा प्लास्टिकचा बॉल आणला, राखाडी रंगवला, पेनाच्या टोपणाने खड्डे पाडले. अंतर आलं अठरा मीटर! हॉलमध्ये ते मावेचना, म्हणून सरांनी मुख्याध्यापकांशी भांडून व्हरांडा मिळवला. तेजस्विनीने कापडी फलकावर प्रमाण लिहिलं, आकड्यांना सोनेरी बॉर्डर.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी रंगीत तालीम. दिशा पाठ केलेलं भाषण म्हणत होती. "चंद्राचा व्यास पृथ्वीच्या साधारण पाव आहे..." आणि ती थांबली. एकदा बॉलकडे बघितलं, एकदा गोलाकडे.

"तेजू, हा तर निम्म्याहून मोठा दिसतोय."

"दिसतोय तसा. रंगामुळे."

"रंगाने बॉल फुगतो होय?"

दिशा फलकाची दोरी आणायला गेली. तेजस्विनी एकटी उरली. तिने टेबलाचा ड्रॉवर उघडला, तर तृप्तीचा दोरा तिथेच होता. काश्मीरच्या टोकावर एक बोट, कन्याकुमारीवर दुसरं. दोरा पट्टीवर धरला. साडेसात सेंटीमीटर आणि वर अगदी किंचित. गुणिले २१२.६.

सोळाशे किलोमीटर.

भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर. हे चौथीतलं पोरसुद्धा पाठ म्हणतं. तिने पुन्हा मोजलं, दोरा ताणून, दोरा सैल सोडून. भारत काही वाढेना. मग तिने ४२५.२ ने गुणलं. आकडा ३,२१४ च्या इतका जवळ येऊन बसला, की तिने दोरा टेबलावर ठेवून दिला.

तिने विज्ञानाचं पुस्तक उघडलं. ६,३७८ होतं. पुढे किमी होतं. आणि मागे, वर्षभर तिने न वाचलेला एक शब्द होता : त्रिज्या. व्यासाला व्यासच लावायचा असतो. तिने गोल अख्खा घेतला होता आणि पृथ्वी अर्धी.

सर शिक्षककक्षात चहा पीत होते. ती धावत गेली. खरं सांगायचं तर सगळं सांगायलाच गेली होती.

"सर, प्रमाण चुकलंय. ४२५ हवं. चंद्र आठ सेंटीमीटरचा, अंतर नऊ मीटर."

सरांनी कप खाली ठेवला, तिच्या वहीत बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "अरे देवा. त्रिज्या घेतली आपण." मग, "म्हणजे तृप्तीचं बरोबर होतं?"

खिडकीतून वारा आला. टेबलावरचा सहभागींच्या नावांचा कागद फडफडला.

"नावं उद्या सकाळी साडेआठपर्यंत बदलता येतात," सर म्हणाले. "तिचं बरोबर असेल तर तिलाच उभं करायला हवं. दिशाला सांगतो मी."

दिशाला कशाला, तेजस्विनीच्या मनात आलं. दिशाची काय चूक? हटायचं तर मीच. आणि सगळ्या वर्गाला कळणार. मागच्या बाकालाही.

"नाही सर," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "तिचं पण चुकलंच होतं. उत्तर जवळपास आलं, पण रीत चुकीची होती. तिने नुसतं दुप्पट केलं होतं. मी आत्ता नीट काढलंय."

सरांनी तिच्याकडे बघितलं. वही मागवावी असं त्यांना वाटलं असावं, कारण हात उचलला होता. मग तोच हात कपाकडे गेला. "बरं. फलक बदला लवकर."

बॉल गेला, त्याच्या जागी एक मोठं मोसंबं राखाडी रंगवून टांगलं. मॉडेल आता हॉलमध्ये आरामात मावत होतं. सोनेरी बॉर्डर तीच राहिली, आत आकडा तृप्तीचा.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास हॉलच्या दारात एक माणूस उभा दिसला. पांढरा सदरा घडी मोडून घातलेला, चपला हातात. आत घालून यायच्या की नाही ते न कळून काढलेल्या. शेजारी पाण्याचा ट्रे घेतलेली तृप्ती.

"हा का तुझा गोल?" त्याने कौतुकाने विचारलं.

आपल्याला मॉडेलमधून काढलंय हे तृप्तीने वडिलांना सांगितलंच नव्हतं. अर्धा रोज बुडवून ते आले होते.

"नाही बाबा. यांचा आहे." तिने तेजस्विनीकडे हात केला.

भिकाकाकांनी तेजस्विनीला नमस्कार केला. नववीतल्या मुलीला! मग फलकाजवळ गेले आणि एकेक आकडा जुळवत वाचू लागले. "एक सेंटीमीटर म्हंजी... चारशे पंचवीस..." ते वळले, हसले. "अगं, हाच तर आकडा तू फोनवर सांगितलेला! सव्वाचारशे! म्या म्हटलं, येवढ्याशा बोटात पेठवरून कुठवर जाता येतं. लक्षात हाय माझ्या."

दिशाने तेजस्विनीकडे बघितलं. दोन पावलांवर खैरनार सर उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ऐकलंच होतं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि चष्मा स्वच्छ होता.

साडेआठ वाजून अडीच तास झाले होते.

"चला, चला," सर शेवटी म्हणाले, "परीक्षक येताहेत. गर्दी करू नका इथे. तृप्ती, पाहुण्यांना पाणी दे."

तृप्तीने ट्रे सावरला. निघता निघता गोलावर अंगठा आणि तर्जनी ठेवली, काश्मीर ते कन्याकुमारी, बोटांमधलं अंतर न मोडता पट्टीवर टेकवलं आणि फलकावरचा आकडा बघितला.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. यावेळी पुढे वाकावं लागलं नाही. स्पष्ट ऐकू आलं.

परीक्षक बाई हसऱ्या होत्या. मोसंबं त्यांना फार आवडलं. पाण्याचा ग्लास घेत त्यांनी विचारलं, "छान. आणि प्रमाण काढताना पृथ्वीची त्रिज्या घेतली असती तर?"

ट्रे धरलेली तृप्ती तिथेच उभी होती. तिच्या मागे तिचे वडील, चपला अजून हातात.

हे उत्तर तेजस्विनीइतकं चांगलं कुणाला येणार होतं?

"निम्मं आलं असतं, मॅडम," ती म्हणाली. हात जागेवर, मान ताठ, आवाज खणखणीत. "चंद्र दुप्पट झाला असता, अंतरही दुप्पट. गोलावर दोऱ्याने भारत मोजला की चूक लगेच सापडते. बऱ्याच मुलींचं तिथेच चुकतं."

"वा!" बाई म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "दोऱ्याची युक्ती कुणाची?"

"माझी."

बाईंनी रिकामा ग्लास ट्रेवर ठेवला. तृप्ती ट्रे घेऊन पुढच्या टेबलाकडे गेली. भिकाकाका थोडा वेळ त्या गोलाकडे बघत राहिले, मग दारापाशी जाऊन त्यांनी चपला घातल्या.

मॉडेलला तालुक्यात दुसरा नंबर मिळाला. प्रमाणपत्रावर तेजस्विनीचं नाव छापून आलं, एकही चूक नाही. सोमवारी गोल परत कपाटावर गेला. मागच्या बाकाने टाळ्या वाजवल्या. आणि भूगोलाच्या तासाला सरांनी प्रश्न विचारला तेव्हा तेजस्विनीचा हात सवयीने वर गेला, पण सरांनी तिच्याकडे बघितलं नाही. तृप्तीकडे बघितलं.

तृप्तीने हात वर केला नव्हता.