पाठ वळली की

"लेकराला सांगून निघू न्हाई, नंदे. त्याची पाठ वळली की पाय काढावा." आईचा हा आवाज नंदाबाईनं पोरवयात माहेरच्या उंबऱ्यात ऐकला होता. पिंपळगावात नांदायला आल्यावरही ती आईच्याच शब्दानं वागे. कापूस फुटला की थोरली जाऊ गोजरबाई तिच्या लेकाला, बद्रीला, कावळा दाखवी. पोराची मान वळली की नंदाबाई मागल्या दारानं वेचणीला. मागल्या हंगामात तो तान्हा होता, कुणाच्याही मांडीवर हसे.

आता बद्री दीड वर्षाचा. कणसातल्या दाण्यासारखं रात्रभर गुमान निजणारं हे लेकरू पंधरवड्यापासून मधेच किंचाळून उठे, नंदाबाईच्या गळ्याला मिठी मारी आणि पाळण्यात पाठ टेकू देईना. सासू दुर्गाबाईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, रेणुकाईचा अंगारा लावला, हिरड्या चाचपल्या. दाढा तर केव्हाच वर आलेल्या. ताप न्हाई, खोकला न्हाई. मंग ती चुलीशी बसून नंदाबाईला हळूच बोलली की, नवरा गेलेली, पदरी मूल नसलेली बाई दिवसभर पोराला कुरवाळते, नजर लागायला अजून काय पाहिजे? पोर असंच उठत राह्यलं तर गोजरीला तिच्या भावाकडं धाडायचं, असं तिनं लेकालाही सांगून ठेवलं.

नंदाबाईच्या मनात तो बोल गोखरूसारखा रुतला. नजर की अफू? पोराला गप ठेवायला जाऊबाई बोट तर चाटवत नसंल? तिनं गोजरबाईच्या हातचं दूध बिलकुल बंद केलं. गोजरबाईनं वाटी खाली ठेवली.

एका दुपारी नंदाबाई वेचणी अर्ध्यात टाकून मागल्या दारानं आली आणि धान्याच्या कणगीआड उभी राह्यली.

गोजरबाई बद्रीला थोपटत होती. त्याच्या पापण्या मिटत आल्या, की तो दचकून उठे. शेवटी तो मांडीवरनं उतरला. नुकताच पळायला लागलेला. त्यानं दाराआड पाह्यलं, गोधडी उचलली, "आय? आय?" करत कणगीमागं आला. माय दिसली तरी हसला न्हाई. दोन्ही मुठींनी लुगडं धरून उभा राह्यला.

"जाऊबाई, खरं सांगा," नंदाबाई म्हणाली. "काय चारता याला?"

"कायी न्हाई," गोजरबाई म्हणाली. "पहिलं त्याचं ध्यान नव्हतं. आता त्याला कळून राह्यलंय, तू त्याला टाकून जातीस. पर कवा जाशील ते कळंना. मंग डोळा कसा लावावा त्यानं? रात्री कूस बदलताना समदीच लेकरं जरा जागी होतात. हा जागा झाला की आधी तुला चाचपतो. तोंडावर 'येते' म्हणून निघ. रडंल, पर तू सांजंला आलेली रोज बघंल. काही आठवड्यांनी निवंल."

"हे तुम्हाला कधी ध्यानात आलं?"

"सुरुवातीलाच."

"आन् गप राह्यल्या? घरातून काढून राह्यले होते तुम्हाला."

गोजरबाईनं बद्रीच्या पाठीकडं हात नेला आणि तसाच मागं घेतला.

"बोलले असते तर त्याचं रडणं बघून तू त्याला पाठीशी बांधून रानात नेलं असतंस. मंग माझ्या मांडीवर काय राह्यलं असतं, नंदा?"