रविवारी संध्याकाळी बंद

आर्तत्राण स्वाईं गंजाम जिल्ह्यातल्या आपल्या गावाहून राजकोटला आला तो लेकाची माफी मागायला. बायको गेली तेव्हा सुकांत दहाव्याच्या विधीलाही पोचला नव्हता. राजकोटच्या कारखान्याने सोडलं नाही, असं तो रडून सांगत होता. बापाने मात्र चारचौघांत त्याला फोनवर सुनावलं होतं, "तोंड दाखवू नकोस." त्यानंतर दोघांत अक्षराची बोलाचाली नव्हती. आता सुकांत नोकरीसाठी मस्कतला निघाला होता. धाकट्या कुनीने मध्ये पडून निरोप पोचवला, "बापा, रविवारी जेवायला भेटू म्हणतोय दादा. त्याच्या नेहमीच्या खाणावळीत."

जेवायला म्हणजे रात्री, हे आर्तत्राणने गृहीतच धरलं. बोलणं होतं तेव्हा सुकांतच सांगायचा ना, ड्युटी सुटली की खाणावळ गाठतो म्हणून.

सकाळी गाडीतून उतरून त्याने धर्मशाळेत पथारी टाकली. लेकासाठी नवा सदरा घ्यावा म्हणून दुपारी बाजारात गेला, तर जिकडेतिकडे कुलपं. पानवाला म्हणाला, "काका, आज रविवार. अन् एरवी आलात तरी दुपारी एक ते चार इथे माशीसुद्धा झोपते." म्हातारा हसला. बागेत बाकावर बसून त्याने मनातल्या मनात वाक्यं जुळवली. 'चुकलं माझं' हे लेकापुढे म्हणायला कसंसंच वाटत होतं, पण म्हणायचं ठरलं होतं.

दिवेलागणीला तो खाणावळीपाशी पोचला. शटर खाली होतं. थांबला. उघडतील, लेक येईल. समोरच्या गल्लीतून माणसं नटूनथटून बाहेर पडत होती. पायाला कळ लागली तेव्हा तो पायरीवर टेकला.

वरच्या मजल्यावरून मालक रमणिकभाईंनी वाकून विचारलं, "कोणाकडे आलात, काका?"

"जेवायला. लेक येणार आहे माझा."

"रविवारी संध्याकाळी आमच्याकडे बंद असतं. आचाऱ्यांची सुट्टी. रविवारचं जेवण दुपारचंच." मग एकदम त्यांचा आवाज उतरला. "तुम्ही सुकांतचे वडील का?"

आर्तत्राणने मान हलवली.

रमणिकभाई खाली आले, शेजारी पायरीवरच बसले. "अकराच्या आधीच आला होता पोरगा. आमच्या थाळीत आधी रोटली, भात अगदी शेवटी. पण त्याने वाढप्यांना बजावलं, 'माझ्या बापाला पहिल्यांदा भात वाढा, रोटलीने त्यांचं पोट भरत नाही.' डाळीत गूळ पडायच्या आधी वाटीभर बाजूला काढायला लावली. दारात ही रांग! लोक कुरकुरत होते, तरी शेजारची खुर्ची सोडेना. मी म्हटलं, 'भाई, तू तरी जेवून घे.' तर म्हणे, 'ते आले की बसतो.' आम्ही झाकपाक केली तेव्हा उठला. जेवला नाही."

"काही बोलला?"

"म्हणाला, 'नाही आले. राग गेला नाही त्यांचा.' मुंबईची गाडी होती संध्याकाळची."

आर्तत्राणने कुनीला फोन लावला. तिने दादाला जोडून दिलं. गाडीचा खडखडाट ऐकू आला.

"सुकांत, मी आलोय रे. खाणावळीच्या दारात आहे."

"आज रात्री बंद असते ती, बापा. कुणालाही विचारायचं होतंत."

"मला वाटलं, तू रात्रीच…"

"मी दुपारभर दाराकडे बघत बसलो होतो."

दिवसभर घोटलेली वाक्यं आर्तत्राणच्या ओठांवर आली. पण शेजारी परका माणूस, मध्ये कुनीचे हुंदके. तो एवढंच म्हणाला, "जेवलास का?"

"जेवलो," सुकांत म्हणाला. खडखडाट वाढला आणि फोन तुटला. पुन्हा लावला तर लागेना.

"वर चला," रमणिकभाई म्हणाले. "घरात खिचडी-कढी आहे. आमच्यात दारातून उपाशी माणूस धाडत नाहीत."

त्यांच्या बायकोने, मंजुळाबेननी, पाट मांडला, खिचडीवर तूप सोडलं, दुसऱ्यांदा वाढायला वाकल्या. म्हाताऱ्याने ताटावर हात आडवा धरला. "बास, माई."

"एवढ्याशाने काय होतंय? लेकाची शपथ आहे," त्या सवयीने बोलून गेल्या आणि तिथेच थबकल्या.

आर्तत्राणने हात काढून घेतला. त्यांनी वाढलं. तो मान खाली घालून घास गिळत राहिला, आणि डोळ्यांतलं पाणी कढीत पडत राहिलं. रमणिकभाई खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मस्कतहून सुकांत बहिणीला पैसे धाडतो, ख्यालीखुशाली विचारतो. बापाने फोन घेतला की दोघं पावसापाण्याचं बोलतात. 'चुकलं माझं' हे आर्तत्राणच्याने अजून म्हणवलेलं नाही. समोर बसवून, भात वाढून झाल्यावरच म्हणायचं ते, असं तो कुनीला सांगतो. आणि कुनी चुलीपाशी उठून जाते.