दोन वद्य पंचम्या

धाकटीच्या घरात थोरलं कुणी नव्हतं, तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. थोरला होता तो दादू. पाच वर्षांचा असताना गेला. ज्या दिवशी तो गेला त्याच दिवशी धाकटी जन्मली, श्रावण वद्य पंचमीला. निदान घरात तरी असंच सांगत आले. आई ते कधी रागाने म्हणाली नाही. भाजी निवडता निवडता, कुणी विचारलंच तर, "हा गेला आणि ही आली, एकाच तिथीला," एवढंच म्हणायची. पण ते ऐकून आलेल्या बायका धाकटीकडे अशा बघायच्या, की तिने येताना कुणाला तरी ढकलून जागा केली असावी.

वाढदिवस कधी झाला नाही. त्या दिवशी आई बोलायची नाही, आणि बाहेरचं दार उघडं ठेवायची. लहानपणी धाकटीला त्या उघड्या दारापलीकडून खोकल्याचा आवाज यायचा. एकदा दोनदा तिने जाऊन पाहिलं. पायरीवर कुणी नव्हतं. आईला सांगितलं तेव्हा आईने हातातलं काम थांबवलं नाही की नवलही केलं नाही. "असेल," म्हणाली.

पुढे धाकटी जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत लागली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आईला सांभाळत राहिली. अठ्ठावन्न वर्षांची झाली. निवृत्ती तोंडावर आली आणि नेमकं तेव्हा ती जन्मली त्या दवाखान्याचं काम तिच्या टेबलावर येऊन पडलं.

दवाखाना कधीचाच बंद झाला होता. डॉक्टरांच्या मुलाने माळा रिकामा करताना वह्या कचेरीला देऊन टाकल्या. जन्माच्या वेगळ्या, मृत्यूच्या वेगळ्या, दाखल रुग्णांच्या वेगळ्या. लिहिणारे कंपाउंडर हट्टी असणार. सगळ्या तारखा मराठी महिन्यांत आणि शकात. साहेबांनी सांगितलं, की प्रत्येक नोंदीपुढे इंग्रजी तारीख घालायची, म्हणजे लोकांना दाखले देता येतील.

हे काम धाकटीच्या हातचं होतं. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, पण तो डिसेंबरअखेरपर्यंत. मार्गशीर्ष-पौषात कुठेतरी इंग्रजी वर्ष उलटतं, आणि तिथून फाल्गुन संपेपर्यंत एकोणऐंशी मिळवावे लागतात. तिथीची तारीख मात्र अशा बेरजेने निघत नाही. त्या वर्षाचं पंचांग काढायचं, महिना बघायचा, शुद्ध की वद्य बघायचं, आणि मग सूर्योदयाला ती तिथी कोणत्या तारखेला होती ते टिपायचं. साहेबांनी संगणकावर एक तक्ताही करून दिला होता. शक, महिना, तिथी घातली की तारीख तयार. निम्म्या नोंदी त्यावर भराभर उरकल्या.

मृत्यूच्या वहीत शके १८८८ येणार, हे तिला माहीत होतं. ती त्या पानापाशी आली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. "श्रावण व. ५, वार सोम. मुलगा, वय ५. खोकला व ताप." खाली वडिलांचं नाव, तिच्याच वडिलांचं. तक्त्याने तारीख दिली, ५ सप्टेंबर १९६६. शाळेच्या दाखल्यावर तिची जन्मतारीख तीच होती. तिने ती लिहिली, शाई वाळू दिली, आणि जन्माची वही उघडली.

"श्रावण व. ५, वार शनि. मुलगी." आईचं नाव. बाळाचं वजन.

तक्त्याने पुन्हा ५ सप्टेंबर दिली. धाकटी ती लिहायला वाकली आणि तिचा हात अडला. एकीकडे सोम, एकीकडे शनि. एखादी तिथी कधी दोन सूर्योदय गाठते, तशी वाढलेली तिथी सलग दोन दिवस मोजतात. पण शनिवार आणि सोमवार यांच्यामध्ये अख्खा रविवार पडतो. एका पक्षातली एकच पंचमी शनिवारीही आणि सोमवारीही येईल, हे कोणत्याच पंचांगात बसणारं नव्हतं.

कंपाउंडर वार चुकले असतील, असं तिला आधी वाटलं. तिने मागची पाच-सहा पानं तपासली. वार कुठेच चुकलेला नव्हता. तेव्हा तिने आपल्या नोंदीच्या पानाच्या माथ्यावर डकवलेली जुनी चिकटपट्टी ओल्या कापसाने हळूहळू सोडवली. खाली महिन्याचा मथळा होता. कंपाउंडर महिन्याचं पूर्ण नाव पानाच्या माथ्यावर एकदाच लिहीत आणि खाली नुसतं "श्रावण" म्हणत. मथळ्यात लिहिलं होतं : "अधिक श्रावण, शके १८८८, पराभव नाम संवत्सर."

त्या वर्षी श्रावण दोन होते. आधी अधिक, त्यामागून निज, म्हणजे नेहमीचा. वद्य पंचम्याही दोन. तक्ता अधिक महिना विचारतच नव्हता, म्हणून दोन्ही वेळा निजातली तारीख देत होता. तिने जुन्या पंचांगांचा गठ्ठा सोडला. अधिक श्रावण वद्य पंचमी, शनिवार, ६ ऑगस्ट. निज श्रावण वद्य पंचमी, सोमवार, ५ सप्टेंबर.

म्हणजे दादू आणि ती, दोघं एकाच वेळी जिवंत होती. महिनाभर.

साहेब जेवून आले तेव्हा ती नुसतीच बसली होती.

"काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"तक्ता अधिक महिना धरत नाही, साहेब. जेवढी अधिक महिन्याची वर्षं आहेत तेवढ्या नोंदी परत बघाव्या लागतील."

साहेबांनी दोन्ही वह्या पाहिल्या, पंचांग पाहिलं. वडिलांचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. "बघू या परत," म्हणाले. "आज तुम्ही घरी जा. मी करतो सुरुवात."

पण ती गेली नाही. दाखल रुग्णांची वही उरली होती. त्यात आईची नोंद होती. बाळंतपणानंतरचा ताप, शुद्ध कधी आहे कधी नाही, दिवसेंदिवस तेच. अधिक वद्य द्वादशीच्या नोंदीत कंपाउंडरांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं : "थोरला मुलगा आत्यासोबत येतो. खोकला आहे. बाळाच्या खोलीत घेऊ नये. दाराबाहेर बसून असतो."

धाकटीने ते एकदाच वाचलं. मग वही मिटली आणि आपल्या पाठीमागे कचेरीचं दार उघडं आहे का, ते वळून पाहण्याचा तिला धीर झाला नाही.

घरी जाताना सगळा रस्ता ती मनाशी जुळवत होती. वडील तेव्हा जहाजावर नोकरीला. ते आले तेव्हा सगळं होऊन गेलेलं, त्यांना आईने सांगितलं तेच खरं. शाळेत घालताना त्यांनी तिथी सांगितली असेल आणि मास्तरांनी नेहमीचा श्रावण धरून तारीख काढली असेल. आई तापात. तिला शुद्ध आली तेव्हा कुशीत मूल आणि कानावर बातमी. तिच्यासाठी मधला महिना झालाच नव्हता. आत्याला ठाऊक असणार, पण आत्या कधीच गेली होती.

आई खिडकीशी बसली होती. ब्याऐंशी वर्षांची, पण कान तिखट. धाकटीने चहा केला, समोर बसली आणि पाल्हाळ न लावता सांगून टाकलं. अधिक महिना, दोन पंचम्या, शनिवार, सोमवार. तिला वाटलं होतं आईच्या मनावरचं ओझं उतरेल. निदान आपल्या तरी.

आईने कप खाली ठेवला. "म्हणजे तू आलीस तेव्हा तो होता."

"होता. महिनाभर होता."

"कुठे होता?"

आईने तिच्याकडे रोखून पाहिलं. "कुठे होता गं?"

"दाराबाहेर बसायचा. त्याला खोकला होता, म्हणून आत घेत नव्हते."

बाहेर कुणी सायकल लावली, कुणी कुणाला हाक मारली. मग आई स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "दार लावा, म्हणून मीच सांगायची. वारा लागतो, दार लावा. मला वाटायचं तापात काहीतरी ऐकू येतंय."

"काय ऐकू यायचं?"

"खोकला. आणि विचारायचा." आईने दाराकडे पाहिलं. "विचारायचा, ती कशाला रडते? तिला सांग ना, मी इथेच आहे."

धाकटीला हुंदका आवरेना. इतक्या वर्षांत आईने दादूचं एकही वाक्य तिला सांगितलं नव्हतं. आईला ते आठवतच नव्हतं, की आठवून स्वप्न समजून बाजूला टाकलं होतं, कोण जाणे. आता ते तिच्या समोर आलं होतं आणि त्याचं दुःख जुन्या दुःखापेक्षा वेगळं होतं. आधी मुलगा देवाने नेला होता. आता तो दाराशी बसला होता आणि दार तिने लावायला लावलं होतं.

"मी सांगायला नको होतं," धाकटी म्हणाली.

"नाही," आई म्हणाली. "तुला सगळे बोलले. मीही बोलू दिलं. त्याला ठाऊक होतं तू कोण ते, आणि मी मात्र तुलाच..." तिने धाकटीचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि बोटं दाबत बसली, जणू एकेक मोजून बघत होती.

"आणखी काय बोलायचा तो?" धाकटीने विचारलं.

"आठवलं की सांगेन. घाई करू नकोस."

आठवड्याभरात कचेरीतल्या सगळ्या अधिक महिन्यांच्या नोंदी दुरुस्त झाल्या. आपल्या नोंदीपुढे धाकटीने ६ ऑगस्ट १९६६ लिहिलं, आणि दादूच्या नोंदीपुढे ५ सप्टेंबर तशीच राहू दिली. साहेबांनी सही करताना नोकरीच्या कागदांतली जन्मतारीख बदलायची का, ते विचारलं. ती म्हणाली, राहू द्या, एका महिन्याने काय बिघडतंय. मग म्हणाली, की नाही, बदला.

आईला त्यानंतर अधूनमधून काही ना काही आठवत राहिलं. कधी जेवताना, कधी भर दुपारी. दादूला भोवरा फिरवता यायचा नाही. दादू दिव्याला घाबरायचा, अंधाराला नाही. प्रत्येक वेळी सांगून झालं, की ती जरा कान देऊन बसायची, आणि धाकटीही बसायची. पायरीवरून कधी आवाज येई, कधी येत नसे. दोघी त्याबद्दल बोलत नसत.