कारभाऱ्याचं पोट

मंगळवार पेठेत विरुपाक्षप्पांची ज्वारीची वखार होती आणि तिथला एक नियम त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला होता: आत पाण्याचा थेंब न्यायचा नाही. ओल लागली की धान्य बुरसतं. हमालाला तहान लागली तर त्याने बाहेर यावं, पाहुण्याने तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवावा.

हाच नियम बोक्यालाही लागू होता. बोक्याचं नाव कारभारी. बाहेर सोडला तर शेजाऱ्याचे उंदीर मारत बसेल म्हणून त्याला वखारीतच कोंडलेला. उंदीर आणि वर भाकरीचा कोरडा कुस्करा, एवढ्यावर त्याची चाकरी चाले; शी-शूसाठी कोपऱ्यात राखेचं खोकं. बोका म्हणजे नोकर, त्याच्यावर माया कसली, असं विरुपाक्षप्पा पेठेत सगळ्यांना ऐकवायचे. ऐकवताना हात मात्र त्याच्या कानामागे खाजवत असायचा.

ऐन उन्हाळ्यात हमाल कोंडीबाने बातमी आणली. "मालक, कारभारी राखंत बसतोय, कुंथतोय आन् तसाच उठतोय की. काय पडतच न्हाय."

विरुपाक्षप्पांना हे दुखणं घरचं. रोज रात्री इसबगोल घेतल्याशिवाय त्यांची स्वतःची सकाळ उजाडत नसे. या विषयात आपल्याला कोणी शिकवू नये असं त्यांचं मत होतं. त्यांनी इसबगोल तुपात कालवलं, गोळ्या केल्या आणि वखारीत बसून बोक्याला चारल्या. गुण येईना तेव्हा गोळ्या वाढवल्या. मग बोक्याने खाणं सोडलं, पिवळं ओकला आणि पोत्यांमागे पाठ वाकवून बसला.

बायको चन्नम्मा म्हणाल्या, तोंडात एरंडेल ओता. पण कारभाऱ्याने दात असे आवळले, की तेल विरुपाक्षप्पांच्या बाहीवरच सांडलं. शेवटी त्यांनी त्याला टोपलीत घातलं आणि टांग्याने गुरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे बैलांची रांग लागली होती. टेंभुर्णीच्या एका शेतकऱ्याने टोपलीत डोकावून विचारलं, "शेट, ह्यो मोटंला जुपता का गाडीला?" सगळे हसले. विरुपाक्षप्पा हसले नाहीत, तेव्हा तो शेतकरी वरमला आणि त्याने रांगेतला आपला नंबर त्यांना दिला.

डॉक्टर कमलाकरांनी बोक्याला गोणपाटात गुंडाळून पोट चाचपलं. आधी मूत्राची पिशवी पाहिली. बोका कुंथतो तेव्हा बऱ्याचदा लघवी तुंबलेली असते आणि मग हातात फार वेळ उरत नाही, असं ते म्हणाले. ती मऊ लागली. वरच्या बाजूला मात्र खड्यांची माळ असावी तसं टणक लागत होतं.

"पाणी कुठं पितो हा?"

विरुपाक्षप्पांनी वखारीचा नियम सांगितला. सांगताना तो पहिल्यांदाच त्यांना थोडा विचित्र वाटला. मग इसबगोलचं सांगितलं, जरा अभिमानानेच.

"तुम्ही स्वतः ते कशाबरोबर घेता?"

"तांब्याभर पाण्याबरोबर."

"आणि याला?"

विरुपाक्षप्पा समोरच्या बैलाकडे बघत राहिले.

डॉक्टर रागावले नाहीत. उंदरांची हाडं, केस, कोरडी भाकरी आणि त्यात उन्हाळा, एवढ्यानेच मळ सुकला होता, असं त्यांनी समजावलं. इसबगोल पाण्याने फुगतं तेव्हाच मळ मऊ करतं. पाणी नसेल तर तेच आत घट्ट बसतं. एरंडेल सांडलं हे बरंच झालं म्हणाले, जबरदस्तीने ओतलेलं तेल फुप्फुसात गेलं असतं. "पण ओकतोय, खात नाही. गाडी बरीच पुढं गेलीय. सुटलं नाही तर हा जगेल असा शब्द मी देत नाही."

रबरी नळीने कोमट पाणी आणि गोडं तेल शेपटीखालून हळूहळू आत सोडलं. कारभाऱ्याने दवाखान्याला लाज वाटेल असा आवाज केला. बऱ्याच वेळाने दोन खडे पडले. सगळं एकदम ओढलं तर आतडं फाटेल, बाकीचं उद्या, असं म्हणून डॉक्टर बैलाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नळी झाली आणि उरलेलं सगळं एका दमात बाहेर आलं, डॉक्टरांच्या बुटावर. विरुपाक्षप्पांनी डोळे पुसले आणि उन्हाचा त्रास होतो म्हणाले.

डॉक्टरांनी पथ्य सांगितलं: भाकरी पाणी घातलेल्या दुधात भिजवून द्या, चमचाभर शिजवलेला लाल भोपळा कालवा, इसबगोल दिलंत तर भरपूर पाण्यात फुगवून आणि चिमूटभरच. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. पुन्हा कुंथायला लागला आणि काही पडलं नाही, किंवा ओकला, तर त्याच दिवशी आणा. असं वारंवार तुंबलं की आतडं सैल पडतं आणि मग त्याला ढकलायचं बळच राहत नाही.

वखारीत परातीएवढं पसरट भांडं आलं. कोंडीबाने वडिलांच्या नियमाची आठवण करून दिली. "वडलांनी बोका पाळला नव्हता," एवढंच बोलून विरुपाक्षप्पांनी भांड्याखाली फळी सरकवली आणि जवळची पोती मागे ओढायला लावली.

आता सकाळी मैंदर्गीचा व्यापारी सौद्याला आला तरी त्याला ओट्यावर थांबावं लागतं. मालक आत राखेच्या खोक्याजवळ उकिडवे बसलेले असतात. ज्वारीचा नमुना तळहातावर घेऊन पाहावा तितक्या बारकाईने कारभाऱ्याचं काय पडलंय ते बघतात आणि हात धुऊन बाहेर येतात. चेहरा खुललेला असेल तर भाव सहसा बरा मिळतो, हे त्या व्यापाऱ्याच्याही लक्षात आलंय. तो बसल्या बसल्या आधी बोक्याचीच चौकशी करतो.