सारांशातले आजोबा

वर्गात तिला सगळे वकील म्हणत. वकिलीशी तिचा काडीचा संबंध नव्हता. ती वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि वाद घालायला लागली की समोरचा दमल्याशिवाय थांबत नसे, एवढंच. पण त्या दिवशी प्रकल्पांच्या स्पर्धेच्या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसून तिने तोंडातून अक्षर काढलं नाही. दातांत जीभ धरून बसली.

मंचावर कप्तान बोलत होता. क्रिकेटच्या संघाचा कप्तान होता, ते नाव पुढे सगळीकडेच चिकटलं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तिघांचा गट होता: कप्तान, वकील आणि मुका. मुका म्हणजे हिशेबाचे तक्ते करणारा, आठवड्यातून दोन वाक्यं बोलणारा मुलगा. प्रकल्प म्हणजे एका नव्या धंद्याचा संपूर्ण आराखडा. धंदा तिने सुचवला होता. दवाखान्यात असतात तसे डोक्याकडून वर होणारे पलंग, वॉकर आणि चाकाच्या खुर्च्या जुन्या विकत घ्यायच्या, दुरुस्त करून निर्जंतुक करायच्या आणि ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसांना महिन्याच्या भाड्याने द्यायच्या.

सुचलं कुठून, तर घरातून. तिचे बाबा बस चालवायचे. मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडले आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. खुबा बदलला. डॉक्टरांनी बजावलं, खाली बसायचं नाही, कमरेत जास्त वाकायचं नाही, पलंग उंच हवा. घरात होता तो वीतभर उंचीचा दिवाण. गावभर फिरली, भाड्याने पलंग मिळेना. जिथे होता तिथे एकच, आणि त्याची गादी धुऊन वाळत होती.

आणि मंचावर कप्तान सांगत होता, "माझे आजोबा पडले. मी गावभर फिरलो." इथे तो थांबला, चष्मा काढला, पुन्हा लावला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. करंडक त्याला मिळाला. त्याचे आजोबा त्याच संध्याकाळी मैदानाला फेऱ्या मारताना तिला दिसले. टुणटुणीत म्हातारा, बुटाला लाल नाड्या.

"अगं, सादरीकरणाला चेहरा लागतो," कप्तान नंतर म्हणाला. "तुझ्या बाबांचं सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, ही रडगाणं गातेय. मी सांगितलं तर ती दूरदृष्टी होते."

"आणि मी लिहिलेल्या पहिल्या प्रकरणातही बाबांच्या जागी आजोबा घातलेस?"

"मग? मंचावर एक आणि कागदावर एक कसं चालेल?"

मुक्याने मान वर केली, खाली घातली.

दुसरी एखादी सरांकडे गेली असती. वकीलही गेली असती, पण सरांनी त्या करंडकाबरोबर स्वतःचा फोटो काढून केबिनमध्ये लावला होता. आंधळ्यापुढे आरसा धरून काय मिळणार? तिने राग गिळला नाही. मुरवत ठेवला.

संधी कप्तानानेच आणून दिली. सगळी प्रकरणं झाली, ग्राहकांची पाहणी, स्पर्धक, कामकाज, मुक्याचे पुढच्या तीन वर्षांचे तक्ते. राहिला फक्त कार्यकारी सारांश. तो येतो सगळ्यांत आधी आणि लिहायचा सगळ्यांत शेवटी, कारण आत काय आहे ते ठरल्याशिवाय सारांश कशाचा काढणार? दोनच पानं. पण परीक्षक बहुतेक वेळा तेवढीच नीट वाचतात, बाकीचं चाळतात. तोंडी परीक्षेचे प्रश्नही त्यातूनच निघतात.

"ए वकील, तूच लिही," कप्तान म्हणाला. "तुझी भाषा गोड आहे. फक्त चमूच्या परिच्छेदात माझं नीट आलं पाहिजे. मूळ कल्पना, पाहणी, नेतृत्व."

"सगळं येईल," ती म्हणाली. "तुझ्या वाटचं कमी पडू देणार नाही."

सरांनी वर्गात एक नियम घोकून घेतला होता: सारांशात नवं काही येता कामा नये, जे आत आहे तेच, थोडक्यात. तिने तो नियम शब्दशः पाळला. अहवालाचे गुण तिघांना सारखे, तोंडीचे ज्याचे त्याला. म्हणजे सारांश फक्कड व्हायला हवा होता आणि कप्तान त्यात बुडायलाही हवा होता. घोडा चांगला, स्वार आपटला पाहिजे.

दुपारभर ती बाबांच्या पलंगाशेजारी बसून लिहीत होती. गरज, उपाय, बाजार, स्पर्धक, कमाई कशी होईल, भांडवल किती लागेल, एकेका परिच्छेदात. स्पर्धकांपेक्षा आपण वेगळे कसे, तिथे तिने लिहिलं: पलंग रिकामा पडून राहतो तो गिऱ्हाईक नसल्यामुळे नव्हे, गादी धुऊन वाळेपर्यंत, म्हणून दर पलंगामागे दोन गाद्या. हे वाक्य तिचं स्वतःचं होतं आणि ते तिने आवडीने लिहिलं. मग गरजेच्या परिच्छेदाकडे परतली. "प्रमुख संस्थापकांच्या आजोबांचा खुबा मोडला तेव्हा उंच पलंग भाड्याने कुठेही मिळाला नाही. घरातला बुटका दिवाणच उंच करून घ्यावा लागला. त्यांची शुश्रूषा करताना संस्थापकांना ही कल्पना सुचली."

"वाच की मोठ्याने," बाबा म्हणाले.

तिने वाचलं. बाबा छताकडे बघत ऐकत राहिले.

"म्हणजे तो मी?"

"हो."

"आणि मी त्या पोराचा आजोबा झालो. एका रात्रीत वय वाढवलंस की." ते हसले आणि हसणं मधेच थांबलं. "मला विकलंस का गं?"

"भाड्याने दिलंय, बाबा. परत आणते."

"गिऱ्हाईक बघून देत जा," एवढंच बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. खुबा दुखत होता म्हणून की दुसरं काही, ते तिने विचारलं नाही. त्या पाठीकडे बघताना तिचा राग आणखी धारदार झाला.

तिघांनी सारांशाखाली सह्या केल्या. कप्तानाने न वाचता केली. नाही, त्याने वाचलं, फक्त स्वतःचा परिच्छेद, आणि म्हणाला, "झकास."

बाहेरच्या परीक्षक एका बँकेतल्या बाई होत्या. छोट्या धंद्यांना कर्ज द्यायचं की नाही, ते ठरवणं हे त्यांचं रोजचं काम. असे आराखडे वाचून वाचून त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेनासं झालं होतं. टेबलावर सारांशाची दोन पानं वेगळी काढलेली होती. सर शेजारी बसले होते.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच," कप्तान म्हणाला. सवयच होती ती.

वकील खिडकीबाहेर बघू लागली. एवढं तिने मागितलंही नव्हतं. आयतं आलं.

"छान लिहिलंय. मी सासूबाईंची शुश्रूषा केलीय, म्हणून विचारते," बाई म्हणाल्या. "दिवाण उंच कसा केलात?"

"म्हणजे... आम्ही मोठा आणला. दुकानातून."

"कोणत्या?"

"आमच्या इथल्याच. लगेच दिला त्यांनी. भाड्यानेच."

बाईंनी पान उचललं. "इथे लिहिलंय, कुठेही मिळाला नाही. लगेच मिळाला असेल तर मग तुमचा धंदा हवा कुणाला?"

सरांनी पेन काढलं आणि टोपण लावलं.

"आजोबांना कुशीवर कसं वळवत होतात?"

"हात धरून."

"हात धरून?" बाईंनी पहिल्यांदाच भुवई उचलली. "आणि पायांचं काय?"

कप्तानाने वकीलकडे पाहिलं. तिला ते डोळे आवडले. मंचावर चष्मा काढलेले डोळे हेच, आता खरोखर ओले व्हायच्या बेतात. तिने त्याला मदतीचा हात दिला नाही. आराखडा बुडत होता, त्यात तिचे गुण होते, मुक्याचे होते, तरी ती आणखी थोडा वेळ गप्प बसली. हे सुख तिला पुरवून घ्यायचं होतं.

"तुम्हा दोघांपैकी कुणाला ठाऊक आहे?"

"विटा," वकील म्हणाली. "चार पायांखाली दोन दोन, वर फळीचा तुकडा. विटा सरकू नयेत म्हणून बाजूने पोती. वळवताना दोन गुडघ्यांमध्ये उशी, आणि खांदा आणि कंबर एकदमच वळवायची. बदललेला पाय आत जाऊ द्यायचा नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"बाबा माझे आहेत."

"मग हे आजोबा?"

"टाळ्यांपुरते यांचे."

सर म्हणाले, "हे बघा, गटातले अंतर्गत..." बाईंनी नुसता हात वर केला आणि सर थांबले.

मुका बोलला. "खरंय ते." त्या आठवड्याचं त्याचं पहिलं वाक्य.

वकीलला वाटलं, आता बाई आपली पाठ थोपटणार. बाईंनी तिच्याकडे तसंच रोखून पाहिलं. "खोटं आहे हे तुम्हाला माहीत होतं. तरी लिहिलंत, सही केलीत. माझ्याकडे कर्जाला असा कागद आला तर मी तिघांनाही दारातून परत पाठवते. हा सारांश मी धरत नाही. पुन्हा लिहून आणा, तिघांच्या सह्यांनी. तुमचे तोंडीचे गुण मी कापणार. आणि 'मीच लिहिलं' म्हणणाऱ्यांची तोंडी पुन्हा."

काट्याने काटा काढताना बोटात थोडा मोडतोच. तिला चाललं.

नवा सारांश तिने त्याच पलंगाशेजारी लिहिला. बाबांनी सांगितलं तसा: बसचालक, उजवा खुबा, मोरीचा उंबरा. सहीला कप्तान घरी आला. यावंच लागलं त्याला, तिने कागद बाहेर नेणार नाही असं कळवलं होतं. दारातच थांबला. तिने ये म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

आतून बाबा म्हणाले, "ये रे नातवा."

कप्तान कानापर्यंत लाल झाला.

"एवढा आजारी पडलो, एकदा बघायला आला नाहीस. बरं, डॉक्टर म्हणालेत, आता पलंग थोडा खाली आणला तरी चालेल. एकेक वीट काढायची आहे. हिला एकटीला उचलत नाही." बाबा वॉकर धरून उठले आणि खुर्चीत बसले, अगदी सावकाश, बघणाऱ्याला सगळं दिसेल असे. "सुचली होती ना तुला कल्पना शुश्रूषा करताना? कर."

कप्तानाने दिवाणाची एक बाजू उचलली. जड होता. वकील खाली बसून वीट काढायला लागली. घाई तिने मुळीच केली नाही. पोतं नीट घडी केलं, फळी पुसली.

"लवकर," तो दातांतून म्हणाला.

"धर," ती म्हणाली. "मी रोज धरत होते."

चारही पाय झाल्यावर त्याने सही केली. विटांची लाल भुकटी बोटांना लागली होती, ती सारांशाच्या कोपऱ्यावर उमटली. नवी प्रत काढता आली असती. तिने तीच दिली.

तो गेल्यावर बाबांनी पलंगाची उंची हाताने चाचपली.

"आणलं परत," ती म्हणाली.

"बघतोय," बाबा म्हणाले. "पण पुन्हा द्यायचं झालं तर आधी मला विचार. आणि त्या पोराला सांग, डाव्या अंगाला वीट तिरकी राहिलीय. उद्या येऊन नीट कर म्हणावं."

तिने लगेच फोन उचलला.