दोन पर्सवाली बाई

आमच्या गल्लीत मला नावाने कुणी हाक मारत नाही. शेजारच्या किल्लीवाल्याने एकदा 'खोडरबरताई' म्हटलं आणि तेच चिकटलं. चिकटू दे. मी फोटोंतली माणसं पुसते. तुम्ही एवढे पैसे खर्चून कुठल्याशा मनोऱ्यापुढे उभे राहता आणि नेमका मागून एक टकल्या आइस्क्रीम चाटत जातो. तो टकल्या माझ्या दुकानात आला की संपला!

काउंटरच्या मागे भिंतीवर नमुना टांगलाय. लांबच लांब समुद्रकिनारा आणि त्यात मी एकटी. गिऱ्हाईक विचारतं, "बाई, एवढा रिकामा किनारा मिळाला कुठे?" मी म्हणते, "मिळाला नाही, केला." सतरा माणसं काढली होती त्यातून. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, पण अजून सांगताना मान ताठ होते.

ते काकाही तो नमुना बघूनच आत आले. पंचाहत्तरीच्या पुढचे, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, फोन रुमालात गुंडाळून आणलेला. बायको जाऊन दोन महिने झाले होते. भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता आणि धड हसरा असा एकच होता, गेल्या वर्षी सहलीला गेली होती तेव्हाचा.

"तुम्ही कुठे आहात यात?" मी विचारलं.

"मी नव्हतो गेलो. ही एकटीच गेली, सहल कंपनीबरोबर." मग घाईघाईने म्हणाले, "हिच्याशिवाय एकही माणूस नको. घरच्या भिंतीवर परक्यांचं काय काम?"

मला पटलं. परक्यांचं काम नसतंच.

फोटो चांगला होता. दगडी चौक, मधे कारंजं, मागे रुंद पायऱ्या. काकू मधोमध, दोन्ही हात कमरेवर, आणि हसतायत अशा की मलाही हसू आलं. मागे नऊ माणसं. लांबची पाच सोपी होती. त्यांच्यावरून ब्रश फिरवला की आजूबाजूचं बघून मशीनच जागा भरतं. पण जवळच्यांना मशीन घोळ घालतं. फरशीच्या रेघा वाकड्या करतं, पायरीला मधेच पोट काढतं. तिथे मी हाताने बसते, शेजारचा दगड उचलून इथे लावते. आणि नुसतं माणूस काढून भागत नाही. त्याची सावली काढायची, कारंज्याच्या पाण्यातलं प्रतिबिंब काढायचं. नवशिके इथेच फसतात. माणूस जातो आणि सावली तेवढी उभी राहते.

सगळ्यात जास्त छळलं ते पिवळ्या टोपीवालीने. काकूंच्या कोपराला अगदी खेटून, थोडी मागे. कोपराची कड सांभाळून तिला सोडवायचं म्हणजे डोळ्यांतून पाणी निघालं. वर दोन्ही खांद्यांना पर्सा! "दोन-दोन पर्सा घेऊन मिरवतेय बया," मी पुटपुटले आणि दोन्ही पर्सांसकट तिला घालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. मी त्यांना शेजारी स्टूल दिलं आणि फोटो पडदाभर मोठा केला. शाबासकीची सवय झालीय मला. पण काका नुसते बघत राहिले.

"काका, काही राहिलं का?"

"अशीच एकटी होती का हो ही तिथे?"

मी माउसवरचा हात काढला.

"चार वर्षं मागे लागली होती, चला म्हणून. मी म्हणायचो, कशाला उगाच पायपीट. शेवटी म्हणाली, बरं, मी जाऊन येते. आल्यावर मी विचारलंसुद्धा नाही, कशी झाली सहल. राग धरून बसलो होतो." त्यांनी त्या रिकाम्या चौकावर बोट ठेवलं. "एवढ्या मोठ्या जागेत एकटी. हसतेय तरी कुणाकडे बघून?"

मग खिशातून त्यांनी स्वतःचा फोटो काढला, कुठल्याशा अर्जासाठी काढलेला. "मला हिच्याशेजारी उभं करता येईल?"

येतं. आजकाल सगळं येतं. धड नसलं तर धडही बनवून मिळतं. पण माझं डोकं फिरलं. खरं सांगायचं तर त्यांच्यावर नाही, त्या रिकाम्या चौकावर फिरलं, जो मीच केला होता.

"काका, तुम्ही नव्हता तिथे," मी म्हणाले.

म्हणाले आणि जीभ चावली. म्हातारा माणूस तो, त्याने फोटो निमूट खिशात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांबा," मी म्हणाले, "मी मूळ फोटोला हात लावत नाही. त्याच्यावर काचा ठेवल्यासारखे थर करते, एकेका माणसाचा वेगळा. थर बंद केला की माणूस परत येतो. बघा तरी, कोण कोण होतं."

मी एकेक थर बंद करत गेले. पायऱ्यांवरचं जोडपं आलं. कबुतरांमागे धावणारी पोर आली. नकाशावाला आला. काका प्रत्येकाकडे बघत आणि मान हलवत. कुणाचंच काकूंकडे लक्ष नव्हतं. मला वाटलं, उगाच केलं हे. मग टोपीवाली आली.

"थांबा!" काका स्टुलावरून उठले. "ती पर्स. डावीकडची. मोठी करा."

मी केली. तपकिरी पर्स, पट्ट्याची कडी तुटलेली आणि तिथे हिरवी तार पिळून बसवलेली.

"ही तार मी बसवलीय," काका म्हणाले. "नवी घे म्हटलं तर ऐकेना. हिची पर्स आहे ही. या बाईकडे कशी?"

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आपण फोटोला उभे राहताना हातातलं ओझं कुणाकडे देतो? ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याकडे. आणि मूर्ख मी, दोन पर्सा बघून तिलाच नावं ठेवत होते!

"काकूंनीच दिली असणार, काका. फोटो होईस्तोवर धर म्हणून."

आम्ही तिचा चेहरा मोठा केला. ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. काकूंकडे बघत होती, तोंड अर्धं उघडं, काहीतरी बोलताना. आणि ते ऐकूनच काकूंना हसू फुटलं होतं.

काकांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "पर्स कुणाच्या हातात द्यायची नाही ही," म्हणाले. "माझ्यासुद्धा नाही."

"मग बाकीचे?"

"बाकीचे जाऊ देत. ही राहू दे. हिची सावलीपण आणा."

सावली वेगळ्या थरात होती. तोही बंद केला. ती काकूंच्या पायाशी येऊन पडली आणि चौक भरल्यासारखा वाटला. मोठी प्रत काढून दिली. काकांनी ती छातीशी धरली, निघताना भिंतीवरच्या नमुन्याकडे बघून सहज विचारलं, "तुमचा कुणी काढला होता?"

"कुणी नाही. स्टँड लावलं होतं. दहा सेकंदांत पळत जाऊन उभी राहिले."

"अस्सं," म्हणाले आणि गेले.

मी नमुना खाली उतरवला. तीन वर्षं रोज बघते, पण त्यातल्या माझ्या पर्सकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. दोन्ही पायांच्या मधे ठेवलेली, पट्टा घोट्याला गुंडाळलेला.

स्टँड लावत होते तेव्हा एक बाई आली होती जवळ. "द्या, मी काढते," म्हणाली होती. मी म्हटलं, नको, माझं मी बघते. ती हसली आणि बाजूला जाऊन उभी राहिली, माझ्या मधे येऊ नये म्हणून. तरी फोटोत आलीच. सतरांतली ती एक. मूळ फोटो मी तेव्हाच काढून टाकला होता, उगाच जागा अडते म्हणून.

तिचा चेहरा आठवून बघितला. हातात ओला टॉवेल होता, एवढंच आठवलं. फोटो खिडकीशी नेला, ती उभी होती ती जागा उजेडात नीट पाहिली. पुसलं मात्र फार सफाईने होतं. वाळूत तिच्या पावलाची खूणसुद्धा ठेवली नव्हती मी.